हा ईमेल कोण उघडतं?

गेल्या वर्षी आमच्या सांगलीच्या ऑफिसातून सगळ्या क्लायंटना दीड पानाचं एक पत्र गेलं. तुमची कागदपत्रं यापुढे ऑफिसातल्या सर्व्हरवर न राहता क्लाउडवर राहतील आणि ती कोणाला, कशी दाखवायची याचे नियम बदलले आहेत, एवढाच मजकूर. पत्रावर सही माझी होती, त्यामुळे फोनही मलाच आले. एका बेदाणा व्यापाऱ्यानं विचारलं, "मॅडम, म्हणजे आमचा हिशेब आता गूगलवाले वाचणार का?" हळदीच्या पेठेतले एक काका म्हणाले, "व्हॉट्सॲपवर काय वाईट चाललं होतं आपलं?"

लोक पहिल्या प्रश्नाला घाबरतात, मला दुसरा महत्त्वाचा वाटतो. पंचवीस वर्षं सीएचं काम करताना मी जी माहिती बाहेर गेलेली पाहिली, ती कोणी कुलूप फोडून नेलेली नव्हती. आमच्याच माणसांनी, चांगल्या मनानं, घाईत दिलेली होती. दीड पानाच्या पत्रात हे नीट सांगता आलं नव्हतं.

आमचा जुना सर्व्हर म्हणजे मागच्या खोलीत टेबलाखाली ठेवलेला एक कॉम्प्युटर. शेजारी यूपीएस, वर झेरॉक्सच्या कागदांची रिमं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा तो कॉम्प्युटर दोन आर्टिकल मुलांनी चादरीत गुंडाळून तिसऱ्या मजल्यावर नेला. तळमजल्यावरच्या फायली मात्र गेल्या. ऑडिटची कागदपत्रं अहवालाच्या तारखेपासून सात वर्षं जपून ठेवायची, असं आमच्या व्यवसायाचं बंधन आहे. त्या आठवड्यात पंख्याखाली ताळेबंद वाळवताना ते बंधन सारखं आठवत होतं. क्लाउडचा विषय तेव्हा निघाला, मोठ्या सरांनी "बघू" म्हटलं आणि मागे पडला. तो मार्गी लागला एका वेगळ्याच प्रकरणामुळे.

आमच्याकडे एक अडत पेढी आहे. दोन भाऊ भागीदार. त्यांची पेढी, वडिलांच्या वेळची एचयूएफ, दोघा भावांची वैयक्तिक विवरणपत्रं, दोघांच्या बायकांची आणि आईचं, असे एकूण सात पॅन. कागदाच्या जमान्यात या सातांची मिळून एकच बॉक्स फाईल असायची आणि तिच्यावर घराण्याचं आडनाव. सीए ऑफिसात याला 'ग्रुप' म्हणतात. 2020 च्या टाळेबंदीत थोरल्या भावाला कागद हवे होते आणि ऑफिस बंद होतं. एका आर्टिकलनं घरी बसून स्वतःच्या जीमेल खात्यावर त्या आडनावाचा फोल्डर केला, आत सात उपफोल्डर केले आणि वरच्या फोल्डरची लिंक थोरल्यांना पाठवून दिली. शेअरिंगमध्ये त्यानं "Anyone with the link" निवडलं होतं. दोनदा "उघडत नाही" असा फोन आला की मूल हेच करतं. आम्ही त्याला शाबासकी दिली.

तीन वर्षांनी धाकटा वेगळा झाला. भांडण कोर्टापर्यंत गेलं नाही, पण बोलणं बंद झालं. त्याच वर्षी त्यानं स्वतःच्या नावावरचा एक प्लॉट विकला. आमच्याकडच्या नव्या आर्टिकलनं भांडवली नफ्याचं गणित करून ती शीट नेहमीच्या जागी, म्हणजे धाकट्याच्या उपफोल्डरमध्ये ठेवली. चार दिवसांनी धाकटे ऑफिसात आले. बसले नाहीत. "मॅडम, मी प्लॉट कितीला विकला ते दादाला कसं कळलं?"

मी सगळ्यांना विचारलं. कोणी मेल केला नव्हता, कोणी व्हॉट्सॲप केलं नव्हतं, फोनवर कोणी बोललं नव्हतं. सगळे खरं सांगत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी उलगडा झाला. वरच्या फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या प्रत्येक फोल्डरला आपोआप लागू होते. आज आहे त्याला होते, तशीच तीन वर्षांनी आत येणाऱ्या फाइलीलाही होते. थोरल्यांच्या फोनमध्ये ती जुनी लिंक तशीच होती. त्यांनी उघडली, शीट दिसली, वाचली. त्यांनीही चोरी केलेली नव्हती. तीच लिंक त्यांनी मधल्या काळात कर्जाच्या कामासाठी बँकेला आणि पेढीच्या दिवाणजींना पुढे पाठवली होती. ती पुढे आणखी किती जणांकडे गेली असेल, हे शोधायला काही मार्ग नव्हता, कारण "Anyone with the link" मध्ये उघडणाऱ्याचं नाव नोंदलंच जात नाही.

चार्टर्ड अकाउंटंट कायदा 1949 चा. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टाच्या पहिल्या भागात पहिलंच कलम असं आहे की, कामाच्या निमित्तानं कळलेली क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय किंवा कायद्यानं मागितल्याशिवाय दुसऱ्याला दिली, तर ती व्यावसायिक गैरवर्तणूक. सख्खा भाऊ हाही त्या कलमात 'दुसरा'च. धाकट्यांनी तक्रार केली नाही. केली असती तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फोल्डर बंद करायला गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. ज्या मुलानं तो केला, त्याची आर्टिकलशिप संपून तो पुण्याला नोकरीला लागला होता. लिंक आम्ही बंद करू शकलो, पण फोल्डर आणि त्याच्या काळातल्या सगळ्या फाइली त्याच्या खात्याच्या मालकीच्या. कसायला आम्ही आणि सातबाऱ्यावर नाव त्याचं. फुकट जीमेलला 15 जीबी जागा मिळते; ती भरली म्हणून त्यानं एखाद्या रविवारी जुनं काही साफ केलं असतं, तर आमच्या क्लायंटची तीन वर्षं त्याच्याबरोबर गेली असती. वैयक्तिक खात्यावरची मालकी कंपनीच्या खात्याकडे थेट वर्ग करता येत नाही, म्हणून आम्ही एकेक फोल्डर उतरवून घेऊन पुन्हा चढवला. 2023 च्या नव्या योजनेपासून आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. म्हणजे आमच्यासारख्या ऑफिसात दरवर्षी निम्मी मुलं नवी असतात. कागद मुलांच्या खात्यावर असतील, तर दरवर्षी निम्मं कपाट गावाबाहेर जातं.

म्हणून आम्ही ऑफिसच्या नावानं गूगल वर्कस्पेस घेतलं आणि सगळं काम 'शेअर्ड ड्राइव्ह'मध्ये हलवलं. तिथली फाइल कोणी बनवली याला महत्त्व नाही, मालकी ऑफिसची राहते. मूल गेलं की त्याचं खातं बंद, फाइल जागेवर. हलवायचा माल साधारण 400 जीबी होता. आमच्या लाइनचा अपलोडचा वेग सेकंदाला 20 मेगाबिट, म्हणजे गणितानं सलग 44 तास. प्रत्यक्षात रात्री-रात्री करत दोन आठवडे लागले. त्यातला बराच काळ एकाच ताळेबंदाच्या "Final", "Final 2" आणि "Final sir corrected" या तीन प्रतींमधली सही झालेली कोणती, ते ठरवण्यात गेला.

खरं काम होतं मांडणी बदलण्याचं. बॉक्स फाइलीचं कपाट आम्ही जसंच्या तसं क्लाउडवर चढवलं असतं, तर अडत पेढीचं प्रकरण पुन्हा घडलं असतं. कपाटात कागद कुठे ठेवला यानं तो सापडणं ठरतं. क्लाउडवर फाइल कुठे ठेवली यानं ती कोणाला दिसणार हेही ठरतं. एका फोल्डरमधून दुसऱ्यात माउसनं ओढली, की ती नव्या जागेच्या परवानग्या घेते. कोणी 'शेअर'चं बटण दाबावं लागत नाही. म्हणून ग्रुप मोडला. आता एक पॅन, एक फोल्डर. त्या घराण्याचे सात पॅन म्हणजे सात वेगळे फोल्डर, आणि त्यांच्या वर आडनावाचा फोल्डरच नाही. कोणाचं काय नातं आहे ते आमच्या यादीत आहे. फोल्डरनं नाती सांभाळायची गरज नाही.

प्रत्येक पॅनच्या आत तीन कप्पे आहेत: आवक, जावक आणि कामाचे कागद. हे शब्द मोठ्या सरांनी सुचवले आणि मुलांना एका मिनिटात कळले, कारण पोस्टाचं आवक-जावक रजिस्टर आमच्याकडे अजून आहे. आवकमध्ये क्लायंट टाकतो: बँकेचं स्टेटमेंट, विक्रीची बिलं, घरभाड्याचा करार. त्याला तिथे फाइल टाकता येते, काढता येत नाही. त्यामुळे "मी पाठवलं होतं" आणि "आलंच नाही" हा वाद संपला. जावकमध्ये आम्ही तयार, सही झालेला कागद ठेवतो: भरलेलं विवरणपत्र, त्याची पोच, ताळेबंद, ऑडिट अहवाल. तो क्लायंटला फक्त पाहता आणि उतरवून घेता येतो. कामाचे कागद कोणालाच उघडत नाहीत. आमच्या शंका, पडताळणी, "या रोखीच्या नोंदीचा खुलासा घ्या" अशा टिपा तिथे असतात आणि ऑडिटचे कामाचे कागद ऑडिटरच्याच मालकीचे असतात. परवानगी द्यायची ती फक्त आवक आणि जावक या दोन कप्प्यांना. पॅनच्या फोल्डरला कधीही नाही. हा एक नियम मोडला, तर बाकीच्यांना अर्थ उरत नाही.

धाकट्यांची ती शीट आजच्या पद्धतीत कशी जाईल ते सांगते. आर्टिकल ती धाकट्यांच्या पॅनखाली, कामाच्या कागदांत करतो. माझी तपासणी झाली की अंतिम प्रत पीडीएफ होऊन धाकट्यांच्या जावकमध्ये जाते. त्या जावकवर एकच नाव आहे, धाकट्यांचं. थोरल्यांचं नाव फक्त त्यांच्या स्वतःच्या पॅनवर आणि पेढीच्या जावकवर. पेढीच्या जावकवर दोघं आहेत, कारण तिथे दोघं भागीदार आहेत. एचयूएफच्या जावकवर कर्ता. आईंच्या जावकवर कोण, हा प्रश्न आम्ही आईंनाच विचारला. त्यांनी लेकीचं नाव सांगितलं.

मुलांना मी शिकवलेली चाचणी घरी कोणालाही करता येईल. लिंक तयार केली की ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत चिकटवायची. तिथे तुम्ही कोण हे गूगलला माहीत नसतं. लॉगिन मागितलं तर ठीक. फाइल सरळ उघडली तर ती साऱ्या गावाला उघडी आहे. शेअरिंगच्या चौकटीत "Restricted" दिसलं पाहिजे आणि खाली नावं मोजता आली पाहिजेत. ज्यांचं गूगल खातं नाही, त्यांना त्यांच्या ईमेलवर पिन येतो, तो टाकून बघता येतं. एक पायरी वाढते, हे खरं. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त शिव्या याच पायरीनं खाल्ल्या.

तिसऱ्या माणसाचा नियम वेगळा. बँक कर्जासाठी तीन वर्षांची विवरणपत्रं आणि ताळेबंद मागते. पूर्वी बँकेचा अधिकारी आम्हाला फोन करायचा आणि आम्ही पाठवायचो. ओळखीचा माणूस, काय बिघडतं! आता क्लायंटचा दोन ओळींचा मेल आल्याशिवाय काही जात नाही. जातं ते त्या अधिकाऱ्याच्या बँकेच्या ईमेलवर, नेमक्या मागितलेल्या फाइलींपुरतं, पंधरा दिवसांची मुदत घालून. मुदत संपली की दार आपोआप बंद. पण त्यानं उतरवून घेतलेली प्रत मुदतीनं परत येत नाही. डाउनलोडचं बटण बंद करता येतं, स्क्रीनचा फोटो काढणाऱ्याला अडवता येत नाही. म्हणून काय द्यायचं हे आधी ठरवावं लागतं. दिल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं.

व्हॉट्सॲपबद्दल काकांना मी फोनवर खरं सांगितलं: तुम्ही बिलांचे फोटो पाठवत राहा, आम्ही ते आवकमध्ये टाकून घेऊ. साठीच्या माणसाला फोल्डरची सवय लागेल या आशेवर मी विवरणपत्राची तारीख चुकवणार नाही. पण आमच्याकडून व्हॉट्सॲपवर फक्त निरोप येईल, कागद येणार नाही. आमच्या मुलांच्या फोनच्या गॅलरीत, सहलीच्या फोटोंच्या मध्ये, लोकांची पॅन कार्डं पडलेली असायची. ते थांबवायचं होतं.

पॅन कार्डावरून एक गंमत सांगते. आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे एआयएस, उतरवलं की त्या पीडीएफला पासवर्ड असतो. वर्षभरातलं व्याज, शेअरची खरेदी-विक्री, मालमत्तेचे व्यवहार, सगळं त्यात असतं, म्हणून कुलूप. पासवर्ड काय? लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. आणि आमच्या प्रत्येक फोल्डरमध्ये त्या फाइलीच्या शेजारी काय असायचं? पॅन कार्डाचा फोटो, ज्यावर पॅनही छापलेला आणि जन्मतारीखही. कुलूप लावायचं आणि किल्ली कडीलाच अडकवायची. आता ओळखीची कागदपत्रं वेगळ्या ड्राइव्हवर असतात आणि तिथे फक्त दोन भागीदार आणि ऑफिस सांभाळणाऱ्या ताई जाऊ शकतात. त्याहून लाजिरवाणी होती पासवर्डांची एक्सेल शीट: चारशेच्या वर क्लायंट, आयकर आणि जीएसटीचे लॉगिन, सगळं एका पानावर, फाइलीचं नाव "Password". असं पान बहुतेक सीए ऑफिसात असतं आणि ते कोणी कबूल करत नाही. ते आम्ही क्लाउडवर नेलंच नाही. पासवर्ड आता पासवर्ड मॅनेजरमध्ये आहेत आणि मुलांना तेवढ्याच क्लायंटचे दिसतात ज्यांचं काम त्यांच्याकडे आहे.

क्लाउडवर गेलं म्हणजे हरवत नाही, हा समज मात्र खोटा आहे. लॅपटॉपवर दिसणारा ड्राइव्हचा फोल्डर ही काही वेगळी प्रत नसते. आमच्या एका मुलीनं लॅपटॉपची डिस्क भरली म्हणून तिथून दोन फोल्डर काढून टाकले; तिला वाटलं वर आहेतच. पाच मिनिटांत ते वरूनही गेले. कचरापेटीत 30 दिवस राहतात म्हणून मिळाले. फार उशिरा लक्षात आलं असतं तर हळहळण्यापलीकडे फारसं काही हातात राहिलं नसतं. तेव्हापासून मुलांना फाइल घालण्याचा आणि बदलण्याचा अधिकार आहे, काढण्याचा नाही. महिन्याच्या 20 तारखेचं जीएसटी उरकलं की सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरते आणि ती डिस्क माझ्या घरी, वरच्या मजल्यावर राहते. पूर पाहिलेल्या माणसाला एवढं सुचतंच. टॅलीचा चालू डेटा आम्ही ड्राइव्हच्या फोल्डरमधून चालवत नाही. टॅली लिहीत असतानाच ड्राइव्ह ती फाइल वर ढकलू लागलं की डेटा खराब होऊ शकतो. वर जातो तो फक्त दिवसअखेरचा बॅकअप.

कंपनी असलेल्या क्लायंटना पत्रात एक ओळ वेगळी होती. कंपनीची हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील, तर त्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं ही कंपनीची जबाबदारी आहे. आमच्या जावकमधला ताळेबंद म्हणजे तुमचा बॅकअप नव्हे.

हे सगळं लावून झालं आणि नियमाचा पाया किती कच्चा आहे ते नंतर कळलं. 'फक्त नाव दिलेल्या ईमेललाच' असं म्हणताना तो ईमेल त्या माणसाचा आहे, हे आम्ही गृहीत धरलं होतं. यादी काढली तर कोणाचा ईमेल मोबाइलच्या दुकानदारानं फोन विकताना काढून दिलेला, कोणाचा भाच्याचा, कोणाचा आमच्याच एका जुन्या आर्टिकलनं बनवलेला. पासवर्ड कोणाकडे, देव जाणे. पेढीच्या थोरल्यांचा ईमेल दिवाणजी उघडायचे. धाकट्यांनी दिलेला पत्ताही पेढीचाच निघाला, आणि पेढीच्या मेलबॉक्समध्ये थोरले आणि दिवाणजी रोज जातात. म्हणजे त्यांची प्लॉटची शीट आम्ही नव्या पद्धतीनं, सगळे नियम पाळून पाठवली असती, तरी ती दादांनाच पोहोचली असती.

त्यामुळे पत्रानंतर दोन महिने आमची मुलं फोनवर एकच प्रश्न विचारत होती: "हा ईमेल कोण उघडतं?" धाकट्यांनी ऑफिसात बसून नवं खातं काढलं. पासवर्ड टाकताना आमच्या मुलानं मान दुसरीकडे वळवली, हे मला बरं वाटलं. हळदीच्या काकांनी सरळ सांगितलं, "मी काही उघडत नाही, मला कागद द्या." त्यांच्या यादीत ईमेलच्या रकान्यात आम्ही 'पाकीट' असं लिहिलं आहे. जुलैत त्यांची पोच छापून, पाकीट बंद करून शिपायाबरोबर गेली आणि आवक-जावक रजिस्टरात त्यांची सही आहे.